पंधराला थेंब, सव्वीसला नुसतं ‘परत या’

*मी ५४ वर्षांची, हे ५९. दोघं चष्म्याचा नंबर काढायला गेलो आणि भलतंच घेऊन आलो. माझा डोळ्याचा दाब दोन्हीकडे १५, तरी काचबिंदू सांगितला आणि रोज रात्री थेंब दिले, तेही आयुष्यभर. ह्यांचा दाब दोन्हीकडे २६, आणि ह्यांना औषध काहीच नाही, सहा महिन्यांनी या म्हणाले. रिपोर्टवर माझा कॉर्निया ५०२, ह्यांचा ५९६. माझ्या उजव्या नसेचा कप ०.८, तिथे रक्ताचा बारीक ठिपका, आणि फील्डमध्ये मध्याजवळ वरच्या बाजूला डाग. ह्यांचा कप ०.४, फील्ड स्वच्छ. मला बीपी आहे, गोळी रात्री घेते. तरुणपणी अर्धशिशी फार होती. दिसायला मला काहीच त्रास नाही. जाऊबाई म्हणतात, फायलींची अदलाबदल झाली असणार. महिना झाला, मी बाटली फोडलेली नाही. हे म्हणतात, तुला नको तर मी घालतो. काय करू?*

*– एक वाचक, सातारा जिल्हा*

ताई, फायली बदललेल्या दिसत नाहीत. पत्रावरून डोळा तपासता येत नाही, पण तुम्ही कळवलेले आकडे एकमेकांशी इतके नीट जुळतात की त्यामागे गोंधळ असेल असं वाटत नाही. गोंधळ आहे तो २१ या आकड्याचा, ज्याला सगळे नॉर्मल दाबाची वरची हद्द समजतात, आणि तो तुमच्या एकटीचा नाही.

१९५८ साली जर्मनीत लायडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा हजार माणसांच्या डोळ्यांचा दाब मोजला. सरासरी आली १५.५ मिलिमीटर पारा. शंभरातली पंच्याण्णवएक माणसं ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा आखला, तर त्याची वरची कड २१ च्या आसपास पडली. एवढाच त्या २१ चा जन्म. या आकड्याच्या वर नस मरते आणि खाली जगते असं त्या मोजणीत कुणी तपासलेलंच नव्हतं. ती माणसांची उंची मोजून ‘सहा फुटांच्या वर असामान्य’ म्हणण्यासारखी रेघ होती. पण रेघ सोपी असल्यामुळे ती शिबिरांत, रिपोर्टांच्या ‘नॉर्मल’ रकान्यात आणि आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात पक्की बसली.

माझ्याही बसली होती. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका शिक्षिकेला मी ‘दाब १६ आहे, काळजी नको’ म्हणून परत पाठवलं, बाहुली मोठी करून नस न बघता. तीन वर्षांनी त्या आल्या तेव्हा सांगत होत्या की हजेरीपटावर नाव वाचताना मधलं एखादं अक्षर गायब होतं, मान थोडी हलवली की परत येतं. दाब तेव्हाही १६ च होता. नस मात्र अर्ध्याहून जास्त गेलेली होती.

तर काचबिंदू हा नसेचा आजार आहे. दाब हे त्याचं एक कारण, आणि आजवर आमच्या हातात असलेलं एकमेव भरवशाचं हत्यार. आजार आहे की नाही हे ठरतं डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी ही नस आणि फील्ड, म्हणजे नजर रोखल्यावर आजूबाजूचं किती दिसतं ते, बघून. नसेच्या तोंडाशी जो खळगा असतो तो कप, आणि नस झिजली की तो मोठा होतो. तुमच्या नसेत बिघाड आहे, यजमानांच्या नसेत नाही. डॉक्टरांनी औषध नसेला दिलं, आकड्याला नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: १५ वर नस का झिजावी? नस डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी दहा-बारा लाख बारीक तंतू एका जाळीतून, चाळणीसारख्या पातळ पडद्यातून, मागे मेंदूकडे जातात. या चाळणीच्या पुढे डोळ्यातला दाब असतो आणि मागे मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब. तुम्ही साताऱ्याच्या, म्हणून कोयनेची भिंत डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर ताण किती येणार हे नुसतं धरणात पाणी किती यावर ठरत नाही, पलीकडे किती पाणी टेकलेलं आहे यावरही ठरतं. २००८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा काचबिंदू असलेल्यांच्या पाठीतून काढलेल्या पाण्याचा दाब इतरांपेक्षा कमी निघाला. नंतर दाब नॉर्मल असलेल्या काचबिंदूतही तसंच दिसलं. म्हणजे पुढून १५ असले तरी मागचा टेकू कमी असेल तर चाळणी मागे बाकते आणि तिच्या भोकांमधून जाणारे तंतू चिमटतात. हे कोडं पूर्ण सुटलेलं नाही, आणि त्यासाठी कुणी तुमच्या पाठीत सुई घालणार नाही. पण ‘नॉर्मल दाब’ हा शब्द अर्धवट का आहे हे यातून कळावं. शिवाय सगळ्यांची चाळणी सारख्या विणीची नसते. काहींची जन्मतःच नाजूक असते, आणि घराण्यात काचबिंदू चालतो त्याचं एक कारण हेही असावं.

दुसरी बाजू रक्ताची. नसेच्या तोंडाशी रक्त पोचतं ते रक्तदाब आणि डोळ्याचा दाब यांच्यातल्या फरकाच्या जोरावर. झोपेत बहुतेकांचा रक्तदाब उतरतो, आणि आडवं पडल्यावर डोळ्याचा दाब मात्र चढतो. म्हणजे पहाटे तीनला, दवाखाना बंद असताना, नसेचे सगळ्यात हालाचे तास चालू असतात. त्यात कुणी बीपीची गोळी रात्री घेत असेल तर उतार आणखी खोल जाऊ शकतो. अर्धशिशी, थंडीत बोटं पांढरी पडणं, सदा गार हातपाय, ही लक्षणं बारीक रक्तवाहिन्या पटकन आकसणाऱ्या माणसांत दिसतात, आणि हा काचबिंदू त्यांच्यात जास्त आढळतो. घोरताना श्वास अडकणाऱ्यांचंही तेच.

आणि तिसरं म्हणजे तुमचे १५ हे खरोखर १५ आहेत का? दाब मोजण्याचं गोल्डमन यंत्र कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, दाबून मोजतं आणि त्याचा हिशेब सुमारे ५२० मायक्रॉन जाडीवर बसवलेला आहे. पातळ कॉर्निया सहज दबतो आणि आकडा खोटा कमी दाखवतो, जाड कॉर्निया उलट करतो. तुमचा ५०२ म्हणजे किंचित पातळ. त्याने फार तर एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक पडेल, सगळं कोडं त्याने सुटत नाही. (नेटवर जाडी टाकून ‘खरा दाब’ काढणारी कोष्टकं फिरतात. ती एका माणसाच्या बाबतीत भरवशाची नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.) तुमचा दाब बहुधा दुपारी अकरा ते पाचच्या मध्ये कधीतरी मोजला असेल. पहाटे किंवा सकाळी उठल्या उठल्या तो २० असू शकतो.

दाब नॉर्मल असलेला काचबिंदू म्हणजे काही अजब दुर्मीळ प्रकार नव्हे. जपानमधल्या ताजिमी शहरात घरोघरच्या लोकांची तपासणी केली तेव्हा उघड्या कोनाचा, म्हणजे डोळ्यातलं पाणी झिरपायची वाट बंद नसलेला, काचबिंदू असलेल्या शंभरातल्या ९२ जणांचा दाब २१ किंवा त्याखाली होता. आपल्याकडे प्रमाण तितकं नसलं तरी बरंच आहे, आणि फक्त दाब मोजणारी शिबिरं हे सगळे लोक ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवतात.

‘दिसायला त्रास नाही’ हे तुमचं म्हणणं मला पटतं, पण त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. एका डोळ्याचा डाग दुसरा डोळा भरून काढतो, आणि मेंदू रिकाम्या जागी आजूबाजूचाच रंग फासतो. करून बघा: डावा डोळा तळव्याने झाका, उजव्याने वर्तमानपत्राच्या एका ओळीच्या मधल्या शब्दावर नजर रोखा आणि नजर न हलवता त्याच्या लगेच वरच्या दोन ओळींकडे लक्ष द्या. तिथे फिकट, धुरकट तुकडा आहे का? मग हेच डाव्या डोळ्याने. ही घरगुती गंमत आहे, तपासणी नव्हे. नाही दिसला तर तो नाही असं समजू नका.

तुमच्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा की नाही हे पारखण्याची एक साधी पद्धत आहे. डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे फील्डमध्ये डाग वर असेल तर नसेची कड खाली झिजलेली दिसली पाहिजे आणि ओसीटी या स्कॅनच्या नकाशावर त्याच बाजूला तंतूंचा थर पातळ निघाला पाहिजे. तिन्ही एकाच जागी बोट दाखवत असतील तर निदान पक्कं. एखादं जुळत नसेल तर पुन्हा विचार हवा. फील्ड टेस्ट एकदाच झाली असेल तर ती परत करून घ्या. पहिल्या वेळी बटण कधी दाबायचं हेच उमगत नाही, आणि पहिल्या फील्डवर निदान करणं म्हणजे पहिल्या दिवशीच्या सायकलवरून तोल ठरवणं.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा. एक, ‘गोनिओस्कोपी झाली का?’ म्हणजे भिंग लावून डोळ्याचा कोन बघितला का. आपल्याकडे अरुंद कोनाचा काचबिंदू बऱ्याच जणांना असतो. त्यात दाब अधूनमधून चढतो आणि दवाखान्यात नेमका उतरलेला सापडतो. दुसरं, पूर्वी कधी स्टिरॉइड बराच काळ घेतलं होतं का हे आठवून सांगा, मग ते दम्याचं असो की मेडिकलमधून आणलेले खाजेचे थेंब. तेव्हा दाब चढून नस गेली आणि आता दाब उतरला, असंही होतं. मेंदूचा एमआरआय सगळ्यांना लागत नाही. नस खोल होण्यापेक्षा फिकी जास्त पडली असेल, रंग फिके दिसत असतील, नजर झपाट्याने उतरत असेल, किंवा फील्डमधला डाग उभ्या मध्यरेषेवर सुरी फिरवल्यासारखा थांबत असेल, तर मात्र तो काचबिंदू नसून मागे नसेवर काहीतरी दाबतंय का हे बघावंच लागतं.

आता उपचार. तुम्हाला वाटेल की १५ चा आणखी किती कमी करणार? याचं उत्तर १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात मिळालं. दाब नॉर्मल असलेल्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी अर्ध्यांचा दाब ३० टक्क्यांनी उतरवला, बाकीच्यांना नुसतं बघत राहिले. दाब उतरवलेल्यांत १२ टक्क्यांची नस पुढे खराब झाली, न उतरवलेल्यांत ३५ टक्क्यांची. म्हणजे नॉर्मल दाबातही दाबाचाच वाटा आहे. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मी लपवणार नाही: औषध न घेतलेल्यांपैकी निदान निम्म्यांचं पाच वर्षांत काहीच बिघडलं नव्हतं. हा आजार पुष्कळांत गोगलगाईच्या चालीने जातो. पंच्याऐंशीच्या आजोबांना कडेला छोटा डाग असेल तर मीसुद्धा ‘बघत राहू’ म्हणते.

मग तुम्हालाही बघत राहावं का? मी नाही म्हणेन. त्या अभ्यासात बायकांमध्ये, अर्धशिशी असलेल्यांमध्ये आणि नसेच्या कडेला रक्ताचा ठिपका दिसलेल्यांमध्ये आजार वेगाने पुढे गेला होता. तुमच्याकडे तिन्ही आहेत. तो ठिपका काही आठवड्यांत विरून जातो, त्यामुळे तो नेमका दिसला हे तुमचं नशीब. शिवाय तुमचा डाग मध्याजवळ आहे, म्हणजे वाचायच्या नजरेच्या उंबरठ्यावर. आणि ५४ हे वय म्हणजे पुढे तीस वर्षं ती नस वापरायची आहे.

महिनाभर बाटली न फोडल्याने एक संधी आयती आली आहे, ती वाया घालवू नका. थेंब सुरू करण्याआधी, पुढच्या आठवडाभरात, सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा असे वेगवेगळ्या वेळी तीन-चार दाब मोजून घ्या. औषधाविना तुमचा दाब नेमका किती, हे एकदा थेंब सुरू झाले की कळायला मार्ग राहत नाही, आणि ३० टक्के कशाचे काढायचे हा पायाच त्यावर आहे. समजा सरासरी १६ निघाली, तर लक्ष्य ११ च्या आसपास येतं. लॅटानोप्रोस्टसारखा रात्रीचा एक थेंब १६ वरून १३ पर्यंत आणेल, कारण मुळात दाब कमी असला की औषधाला उतरवायला जागाही कमी मिळते. मग दुसरा थेंब किंवा एसएलटी नावाचा लेसर लागू शकतो. म्हणून महिन्याभराने डॉक्टरांनी दुसरं औषध वाढवलं तर ‘पहिलं चुकलं’ असं समजू नका. बाटलीवर टिमोलॉल लिहिलेलं असेल तर मात्र फोन करून विचारा, कारण ते रक्तातही उतरतं, आणि रात्री घातलं तर झोपेतला रक्तदाब आणि नाडी आणखी खाली नेऊ शकतं.

बीपीच्या गोळीचं तुम्ही स्वतःहून काही करू नका. बंद केलीत तर डोळा राहील बाजूला आणि अर्धांग गाठेल. तुमच्या फिजिशियनला सांगा, ‘मला नॉर्मल दाबाचा काचबिंदू आहे, रात्रीचं बीपी किती उतरतं ते चोवीस तासांच्या पट्ट्याने बघता येईल का?’ उतार खोल निघाला तर ते वेळ बदलतील. डोळ्याचा डॉक्टर आणि बीपीचा डॉक्टर सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप तुम्हालाच पोचवावा लागेल.

आता यजमान. त्यांच्या अवस्थेला आम्ही ऑक्युलर हायपरटेन्शन म्हणतो: दाब रेघेच्या वर, नस आणि फील्ड धड, कोन उघडा. अशा १६३६ जणांवर अमेरिकेत अभ्यास झाला, २००२ मध्ये निकाल आला. औषध न घेतलेल्यांपैकी पाच वर्षांत काचबिंदू झाला ९.५ टक्क्यांना, औषध घेतलेल्यांत ४.४ टक्क्यांना. औषधाने धोका निम्मा होतो हे खरं, पण औषधाशिवायही शंभरातले नव्वद जण पाच वर्षं ठीकच राहतात हेही खरं. त्याच अभ्यासात कॉर्नियाच्या जाडीने सगळ्यांना चकित केलं. दाब पावणेसव्वीसच्या वर आणि कॉर्निया ५५५ किंवा त्याहून पातळ असलेल्यांत ३६ टक्क्यांना काचबिंदू झाला. दाब तेवढाच पण कॉर्निया ५८८ पेक्षा जाड, त्यांच्यात ६ टक्क्यांना. यजमानांचे ५९६ या दुसऱ्या गटात बसतात. आपल्या मानाने तर ते फारच जाड आहेत: नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या मोठ्या पाहणीत सरासरी जाडी ५१४ निघाली होती. म्हणजे त्यांचे २६ थोडे फुगवलेले आहेत, कप ०.४ लहान आहे, आणि ‘सहा महिन्यांनी या’ हा विचार करून दिलेला सल्ला आहे.

हेच २६ जर ५१० जाडीच्या आणि ०.७ कपाच्या माणसाचे असते, तर मी त्याच दिवशी थेंब लिहून दिले असते. दाब ३० च्या वर राहू लागला, एकच डोळा कामाचा असला, किंवा माणूस परत येणार नाही याची खात्री असली, तर कॉर्निया कितीही जाड असो, वाट बघत नाही. ‘बघत राहणं’ म्हणजे दर वेळी दाब, आणि वर्षातून एकदा तरी फील्ड, ओसीटी आणि शक्य तर नसेचा फोटो, पहिल्या दिवसाशी ताडून. अमेरिकेतल्या त्या अभ्यासातल्या लोकांना वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा जवळजवळ निम्म्यांना काचबिंदू झालेला होता आणि चौथाईंच्या फील्डमध्ये नुकसान दिसत होतं. तेव्हा पाच वर्षं बरी गेली म्हणून यजमानांनी फाइल माळ्यावर टाकू नये.

तुमचे थेंब त्यांनी घालू नयेत. एक म्हणजे त्यांचा मूळ दाब लपेल आणि सहा महिन्यांनी डॉक्टर २० बघून फसतील. दुसरं, बाटलीत टिमोलॉल असलं आणि त्यांना दमा असला तर श्वास कोंडू शकतो. त्यापेक्षा त्यांच्या कपाटातली औषधं बघा. नाकातला फवारा, इनहेलर, डोळ्याभोवती लावायचं मलम यात स्टिरॉइड निघालं तर तेच २६ चं कारण असू शकतं, आणि डॉक्टरांना विचारून ते थांबवल्यावर दाब उतरतो. शीर्षासन करत असतील तर तेही सांगा. २००६ साली आपल्याकडच्या योगसाधकांवर झालेल्या अभ्यासात त्या आसनात दाब जवळपास दुप्पट झालेला दिसला. उतरल्यावर तो खाली येतो, तरी दोघांनीही ते सोडलेलं बरं, तुम्ही तर नक्कीच. आणि उठल्याबरोबर लोटाभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल तर तेच पाणी अर्ध्या तासात थोडं थोडं प्या. भसकन प्यायलेल्या लिटरभर पाण्याने दाब तात्पुरता चढतो.

मुलांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांना सांगा की आईला काचबिंदू आहे, आणि तपासणीला जातील तेव्हा ‘नस बघा’ असं म्हणायचं, नुसता दाब नको. त्यांच्यापैकी कुणी चष्मा घालवायला लेसर करून घेणार असेल तर त्याआधीचा दाब आणि कॉर्नियाची जाडी कागदावर लिहून घरी ठेवा. त्या ऑपरेशनने कॉर्निया पातळ होतो, आणि त्यानंतर मोजलेला प्रत्येक दाब खरा असेल त्यापेक्षा कमीच दिसतो.